ग्रेगरीच्या स्पर्शज्या-श्रेढीतील एक चुकीचा गुणक

जेम्स ग्रेगरी (१६३८–१६७५) हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे गणिताचा प्राध्यापक असताना त्याने १५ फेब्रुवारी १६७१ रोजी लंडनच्या जॉन कॉलिन्स यास एक पत्र लिहिले. त्या पत्रात त्याने अनेक अनंत श्रेढी सिद्धतेवाचून नुसत्या उतरून दिल्या आहेत. त्यांत स्पर्शज्येची, छेदनज्येची व छेदनज्येच्या लॉगरिथमची अशा तीन श्रेढी आहेत. टेलरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १७१५ मध्ये आणि मॅक्लॉरिनचा १७४२ मध्ये. म्हणजे आपण आज त्या दोघांच्या नावाने ज्या श्रेढी शिकवितो, त्यांपैकी काही या पत्रात चव्वेचाळीस वर्षे आधीच आलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांतील एकाच पदाचा विचार करावयाचा आहे, कारण ते पद चुकलेले आहे.

त्रिज्या एक मानली तर ग्रेगरीने दिलेली स्पर्शज्येची श्रेढी अशी आहे :

tan x = x + x³/3 + 2x⁵/15 + 17x⁷/315 + 3233x⁹/181440 + …

पहिली चार पदे बिनचूक आहेत. पाचव्या पदाचा खरा गुणक 62/2835, म्हणजेच 3968/181440 आहे. ३९६८ च्या जागी ३२३३ कोठून आले, हे पाहण्यासाठी गुणक काढण्याची रीत ध्यानी घेतली पाहिजे.

tan x ला q म्हटले, तर q चे अवकलन 1 + q² येते. म्हणून qⁿ चे अवकलन केले असता nqⁿ⁻¹ + nqⁿ⁺¹ मिळते, आणि पुढील प्रत्येक पायरी केवळ गुणाकार-बेरजेची उरते. पाचवे अवकलन 16 + 136q² + 240q⁴ + 120q⁶ येते. सहाव्यात q चा गुणक १३६ ची दुप्पट, म्हणजे २७२; q³ चा गुणक २७२ अधिक २४० ची चौपट, म्हणजे १२३२. सातव्यात स्थिरपद २७२ आणि q² चा गुणक २७२ अधिक १२३२ ची तिप्पट, म्हणजे ३९६८. आठव्यात q चा गुणक याच्या दुप्पट, ७९३६, आणि नवव्यात तेच स्थिरपद होते. त्याला ९! ने, म्हणजे ३६२८८० ने भागले की 62/2835 हाती येते.

आता ३२३३ पासून उलट जाऊ. त्यातून २७२ वजा करून तिनाने भागले असता ९८७ येतात. म्हणजे सहाव्या पायरीवर १२३२ च्या ठिकाणी ९८७ धरले गेले आहेत. येथे एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. सहाव्या पायरीवरील ही चूक सातव्या घाताच्या गुणकात उमटतच नाही, कारण तेथे फक्त स्थिरपद २७२ उपयोगी पडते. q³ चा गुणक स्थिरपदापर्यंत उतरण्यास आणखी तीन अवकलने लागतात. चूक होते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणाऱ्यास हा अनुभव नवा नसेल.

ग्रेगरीला ही चूक त्याच पत्रावरून सापडली असती काय? छेदनज्येच्या लॉगरिथमचे अवकलन स्पर्शज्या असते. म्हणून त्या दोन श्रेढी पदवार ताडून पाहण्याचा मोह होतो. ताडून पाहिल्यास त्या तंतोतंत जुळतात, कारण लॉगरिथमच्या श्रेढीतील दहाव्या घाताचा गुणकही 3233/1814400 असाच दिलेला आहे. एका श्रेढीवरून दुसरी काढली की दोघींचा मेळ बसणारच. अशा पडताळ्याला साक्षीचे मोल नाही. छेदनज्येची श्रेढी मात्र पत्रात शुद्ध आहे :

sec x = 1 + x²/2 + 5x⁴/24 + 61x⁶/720 + 277x⁸/8064 + …

स्पर्शज्येचे अवकलन छेदनज्येच्या वर्गाइतके असते. या श्रेढीचा वर्ग केला असता x⁸ चा गुणक 554/8064 + 61/720 + 25/576, म्हणजे सुमारे ०.१९६८२५ येतो. ग्रेगरीच्या पाचव्या पदाचे अवकलन केले तर तोच गुणक ३२३३/२०१६०, म्हणजे ०.१६०३६७ भरतो. खऱ्या गुणकाने तो ६२/३१५, म्हणजे ०.१९६८२५ होतो. स्वतंत्रपणे मिळालेल्या श्रेढीशी घातलेला हा ताळा चूक तत्काळ उघडी पाडतो.

संख्या घालून पाहण्याचा मार्ग सोपा वाटतो. पण कोणती संख्या घालावी, यालाच महत्त्व आहे. ४५ अंशांची स्पर्शज्या १ आहे. खऱ्या गुणकाने पाच पदांची बेरीज ०.९९९१७१ येते, ग्रेगरीच्या गुणकाने ०.९९८७१०. दोन्ही एकाहून थोड्या कमीच. पुढील सर्व पदे आपण टाकलेली असल्यामुळे पहिली बेरीजही ०.०००८२९ ने उणी आहे, आणि चुकीच्या गुणकाने पडलेली ०.०००४६१ ची तूट तिच्या आडोशाला लपते. ३० अंशांवर प्रकार उलटतो. तेथे टाकलेल्या पदांची एकूण किंमत केवळ ०.०००००८ आहे, तर गुणकाच्या चुकीने ०.००००१२ चा फरक पडतो. चुकीचा परिणाम x⁹ बरोबर घटतो आणि टाकलेला शेष x¹¹ बरोबर, म्हणजे अधिक वेगाने. म्हणून गुणक तपासावयाचे असतील तर कोन लहान घ्यावा आणि दशांश स्थळे पुरेशी ठेवावीत. मोठ्या कोनावर श्रेढी कोठवर पुरते एवढेच कळते.

ते कळण्याचे साधनही गुणकांतच आहे. लागोपाठच्या गुणकांची गुणोत्तरे ०.३३३३, ०.४०००, ०.४०४८, ०.४०५२ अशी चढत जातात व 4/π², म्हणजे ०.४०५३, या मर्यादेकडे जातात. ग्रेगरीचा गुणक घेतला तर शेवटचे गुणोत्तर एकदम ०.३३०२ वर घसरते. या एका घसरणीनेही संशय यावयास हवा होता. या मर्यादेचे कारण असे की, π/२ पाशी कोज्या शून्य होते आणि स्पर्शज्या अनंत. त्यामुळे श्रेढी त्याच्या आतच अभिसारी राहते. ज्या व कोज्या यांच्या श्रेढींना असा अडसर नाही, म्हणून त्यांच्यावरून बनलेला अंदाज स्पर्शज्येला लावणे धोक्याचे असते.

यावरून शेषाचाही अंदाज बांधता येतो. ४५ अंशांवर पुढचे प्रत्येक पद मागील पदाच्या सुमारे चतुर्थांश असते. म्हणून शेष शेवटच्या पदाच्या तृतीयांश. खरे पाचवे पद ०.००२४८७ आहे, त्याचा तृतीयांश ०.०००८२९, आणि प्रत्यक्ष तूट तेवढीच आहे. ग्रेगरीच्या पदाला हाच नियम लावला तर बेरीज ०.९९९३८५ वर अडते. ८० अंशांवर मात्र गुणोत्तर ६४/८१ असल्याने शेष शेवटच्या पदाच्या पावणेचार पटींहून किंचित अधिक होतो. पाच पदांची बेरीज तेथे ४.०११ येते आणि खरी किंमत ५.६७१ आहे. श्रेढी अजून अभिसारी आहे खरी, पण पाच पदांवर तेथे कोणी विसंबू नये.

ग्रेगरीने आपली रीत कोठेही प्रसिद्ध केली नाही. न्यूटनची पद्धतीच आपण पुन्हा शोधून काढली, अशी त्याची समजूत झाली होती. पुढे सेंट अँड्रूजचेच प्राध्यापक टर्नबुल यांनी त्याचे कागद तपासले आणि १९३९ च्या स्मृतिग्रंथात ते प्रसिद्ध केले. जानेवारी १६७१ मध्ये एडिंबरच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून आलेल्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर ग्रेगरीने अवकलनांची आकडेमोड केलेली त्यांना आढळली, आणि कॉलिन्सच्या पत्रातील चूक त्या आकडेमोडीतही होती. पाचही पदे शुद्ध असती तर ती भागाकाराने मिळाली की अन्य युक्तीने, हे सांगता आले नसते. ९८७ या आकड्यामुळे कागद व पत्र यांचा दुवा जुळला आणि ग्रेगरी लागोपाठ अवकलने घेऊन श्रेढी काढीत होता, हे निश्चित झाले. त्याने सर्वसाधारण सूत्र मनाशी मांडले होते किंवा नाही, हा प्रश्न त्या कागदाने सुटत नाही. तेथे एकेका फलाची आकडेमोड आहे, विधान नाही.