कोर्सच्या पहिल्याच दिवशी परीक्षा का घेतात?

अजून एकही लेक्चर झालेलं नाही आणि सर म्हणतात, आज टेस्ट आहे. न शिकवलेल्या गोष्टींची परीक्षा कशासाठी? याला निदान चाचणी म्हणजेच प्री-टेस्ट म्हणतात. तिचं काम पास-नापास ठरवणं नाही. मुलं डोक्यात आधीपासून काय घेऊन वर्गात आली आहेत, ते तिच्यातून शोधलं जातं.

याचं गाजलेलं उदाहरण फिजिक्समधलं आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही चाचणी प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्तीत ३० प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला पाच पर्याय. गणित जवळपास नाहीच. खरी गंमत चुकीच्या पर्यायांत आहे. मुलांचे जे गैरसमज नेहमी दिसतात, तेच पर्याय म्हणून दिलेले असतात.

चुकीचं उत्तर काय सांगतं?

तिथल्यासारखाच एक प्रश्न बघा. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर, वर जात असताना त्याच्यावर कोणतं बल काम करतं? हवेचा अडथळा धरू नका. बरोबर उत्तर : फक्त गुरुत्वाकर्षण. पण ‘हाताने दिलेलं बल हळूहळू संपत जातं’ हा पर्याय अनेकांना पटतो.

समजा, ६० जणांच्या वर्गात १० जणांचं उत्तर बरोबर आलं आणि ३८ जणांनी हाच चुकीचा पर्याय निवडला. म्हणजे वर्गाला विषय माहीत नाही असं नाही, त्यांच्याकडे एक पक्की पण चुकीची समजूत आहे. ती आधी मोडावी लागेल. उत्तरं पाचही पर्यायांत विखुरली असती, तर बहुतेकांनी अंदाज मारला असं दिसलं असतं. तेव्हा मुळापासून सुरुवात करावी लागली असती.

शिकवल्यानंतर काय?

कोर्स संपल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतात. वर्गाची सरासरी ४० टक्क्यांवरून ७० वर गेली, तर वाढ ३० ची. पण वाढायला जागा होती ६० ची. म्हणून प्रगती ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेसचे आकडे असेच तपासले. फक्त लेक्चर असलेल्या वर्गांत ही प्रगती सरासरी ०.२३ निघाली, तर मुलांना चर्चा आणि कृती करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८.

कुठे बिघडतं?

प्री-टेस्टचे मार्क निकालात धरले, की मुलं पाठ करून किंवा शेजाऱ्याचं बघून लिहितात. उत्तरं लगेच फोडून सांगितली, तर शेवटच्या चाचणीत समज नाही, पाठांतर मोजलं जातं. आणि प्रश्नाची भाषाच मुलांना जड गेली, तर फिजिक्सऐवजी भाषेचीच परीक्षा होते.

त्यामुळे पहिल्या दिवशी अशी टेस्ट आली, तर मनापासून जे वाटतं तेच लिहा. तिथे अभ्यास करून जाणं म्हणजे ताप लपवून डॉक्टरकडे जाणं.