बक्षीस व कौतुक, लहान गटातील (बारामती–इंदापूर)

दहा-वीस माणसांच्या गटात चांगल्या कामाचा मोबदला, बक्षीस किंवा मान अशा रीतीने देणे, की ज्याला मिळाले नाही त्यालाही वाटपाचा नियम मान्य राहावा. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत अशा वाटपाचे सर्वांत चांगले उदाहरण ऊसतोड टोळीत सापडते. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी व नीरा-भीमा या सहकारी कारखान्यांच्या परिसरात दर हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून टोळ्या उतरतात. त्यांच्यातील वाटणीचे नियम तोंडी असतात. तरी हंगामभर रोज त्यांची कसोटी लागते.

टोळीतील हिशेबाचा घटक माणूस नसून कोयता, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या टोळीत साधारण आठ ते बारा कोयते असतात. हंगामाआधी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो आणि तोडीच्या बिलातून ती फेडून घेतो. कारखान्याच्या काट्यावर वजन होते ते पूर्ण गाडीचे. कोणत्या जोडीने किती मोळ्या बांधल्या, हे वजनाच्या पावतीवर येत नाही. त्यामुळे ‘जास्त तोडणाऱ्याला जास्त’ हा वरवर न्याय्य वाटणारा नियम टोळीत लावताच येत नाही, आणि लावायचा प्रयत्न झाला की मोळी कोणाची यावरून फडातच वाद होतो. मोजता येते ती फक्त हजेरी. म्हणून वाटणी कोयत्यावर आणि दिवसावर बसवणे हीच टिकणारी रीत ठरली आहे.

उदाहरणादाखल दहा कोयत्यांची टोळी आणि पंधरा दिवसांचे बिल घेऊ. प्रत्येक कोयता दिवसाला दोन टन तोडतो आणि टनाला 366 रुपये मिळतात असे धरू. एका जोडीचे सहा दिवस आजारपणात गेले. मग एकूण 144 कोयता-दिवस भरले, 288 टन ऊस तुटला आणि बिल 1,05,408 रुपये झाले. सरसकट दहा भाग केले तर प्रत्येकाला सुमारे 10,541 रुपये येतात. पूर्ण हजेरीच्या नऊ जोड्यांना आपले सुमारे 439 रुपये दुसऱ्याला गेले असे वाटते. दिवसावर वाटले तर त्या नऊ जोड्यांना 10,980 आणि आजारी जोडीला 6,588 रुपये मिळतात. यात कोणी कोणाचे खाल्ले नाही हे पावत्या आणि हजेरी समोर ठेवून दाखवता येते. प्रत्यक्षात मात्र अनेक टोळ्यांत याच्याही वर खाडा कापतात. दिवसाला 500 रुपये खाडा धरला तर त्या जोडीच्या हाती 3,588 रुपयेच उरतात. गेलेल्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असताना हा दुसरा दंड होतो, आणि तो मुकादमाच्या खिशात गेला तर बाकीच्यांनाही त्याचा काही लाभ नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये चर्चा झाली, तेव्हा खाड्याची भीती हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. हजेरीचे बक्षीस आणि गैरहजेरीचा दंड या हिशेबात सारख्याच दिसणाऱ्या पण परिणामात फार वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळते.

पैशाची वाटणी सरळ असली तरी पक्षपात कामाच्या वाटणीतून शिरतो. या भागात आडसाली ऊस जाड व वजनदार असतो, तर खोडवा बारीक; वाऱ्याने लोळलेला ऊस तोडायला सर्वांत जड. मुकादमाच्या भावकीला कायम सरळ उभ्या उसाच्या सऱ्या आणि परक्या जोडीला बांधाकडचा लोळलेला ऊस, असे चार दिवस झाले की कुरबुर सुरू होते. ती ओळखण्याची खूण म्हणजे एखादी जोडी रोज सर्वांच्या मागे राहू लागते आणि तिच्या मदतीला कोणी वळत नाही. उपाय साधा आहे: सऱ्या पाळीने बदलायच्या आणि रात्रीच्या भरणीचीही पाळी लावायची. पाळी हंगामाच्या पहिल्या दिवशी ठरली असेल तर मुकादमाला रोज निवाडा करावा लागत नाही.

खुशाली. शेतकऱ्याने तोड झाल्यावर आनंदाने द्यायचे पैसे. कारखान्याच्या बिलात ते येत नाहीत, आणि नेमके म्हणूनच ते टोळीतील सर्वांत वादग्रस्त पैसे आहेत. गाडीचालकाची ‘एन्ट्री’ वेगळी. ज्या टोळीत खुशाली त्याच संध्याकाळी सर्वांसमोर कोयत्यावर वाटली जाते तिथे तिचा बोभाटा होत नाही. एकाच्या हाती राहिली की रक्कम किती होती यावर अंदाज बांधले जातात आणि खऱ्या रकमेपेक्षा अंदाज नेहमी मोठा असतो. खुशाली सक्तीने मागितल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांकडून येतात. साखर आयुक्तालयाने अशा वसुलीविरुद्ध सूचनाही दिल्या आहेत. प्रस्तुत नोंदीच्या मते अडवून घेतलेले पैसे बक्षिसात धरू नयेत.

मुकादमाचे कमिशन. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात झालेल्या तडजोडीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि मुकादमाचे कमिशन 20 टक्के ठरले. ते सर्व टोळीच्या तोडीवर बसत असल्याने एका जोडीला पुढे करण्यात मुकादमाचा थेट फायदा नाही. पक्षपात होतो तो नात्यामुळे व उचलीमुळे.

कायम कामगारांचा बोनस. कारखान्याच्या आतील कामगारांना 1965 च्या बोनस कायद्याने किमान 8.33 व कमाल 20 टक्के बोनस ठरवून दिला. त्या तरतुदी पुढे वेतन संहिता, 2019 मध्ये आल्या. वर्षात 30 दिवस काम केलेला कामगार पात्र होतो. टक्का सर्वांना एकच असल्याने साहेबाच्या मर्जीला वाव राहत नाही, पण उत्तम फिटर आणि कामचुकार फिटर यांत फरकही होत नाही. बारामती औद्योगिक वसाहतीभोवतीच्या लहान वर्कशॉपांत, जिथे कायद्याची कामगारसंख्या भरत नाही, दिवाळीचे पाकीट मालकाच्या मनावर असते. पाकिटे बंद ठेवल्याने हेवा टळतो ही समजूत चुकीची आहे. सहा जणांच्या वर्कशॉपात आकडा संध्याकाळपर्यंत सर्वांना कळतो, फक्त त्यामागचे कारण कळत नाही. टक्का आधी सांगून सर्वांना सारखा द्यावा, आणि जादा रक्कम परत न आलेले काम किंवा वेळेत गेलेली ऑर्डर अशा सर्वांना दिसणाऱ्या गोष्टीवर पूर्ण गटाला द्यावी.

दूध संस्था. दिवाळीचा फरक लिटरवर. पावती प्रत्येकाच्या हातात असल्याने तक्रार वाटपाची नसून फॅटच्या मोजणीची असते.

सत्कार. वार्षिक सभेत एकरी विक्रमी ऊस काढणाऱ्या सभासदाला शाल-श्रीफळ देण्याची प्रथा आहे.

स्त्रियांची नोंद. कोयता जोडीचा असला तरी उचल व बिल बहुधा पुरुषाच्या नावे पडते. निम्मी तोड, मोळ्या बांधणे व डोक्यावरून वाहणे स्त्री करते, पण हिशेबवहीत तिचे नाव नसते. टोळीत हेव्याविना करता येण्याजोगी सर्वांत स्वस्त सुधारणा हीच आहे: वहीत दोन नावे लिहावीत आणि दोघांच्या हजेरीच्या खुणा वेगळ्या कराव्यात. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनेत कामगाराला ओळखपत्र मिळते. ते प्रत्येक स्त्रीनेही स्वतःच्या नावाने काढून घ्यावे.