अफ्लाटॉक्सिन (शेंगदाण्यातील)
बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक, कर्करोगकारक विष असू शकते. ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ व ‘ॲस्परजिलस पॅरासिटिकस’ या बुरशा ते तयार करतात. पावसाने ताण दिला की शेंग जमिनीत असतानाच, नाहीतर ओलसर साठवणीत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन सुमारे १ लाख टर्की पक्षी मेले, त्या तपासातून हे विष उजेडात आले. भाजल्याने बुरशी मरते, तिने आधीच सोडलेले विष मात्र राहते. ते पुरते मोडायला सुमारे २६० अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या आचेवर दाणे करपतील. नेहमीच्या भाजणीत विष थोडेफार घटते, पण धोका टळत नाही. उलट खमंगपणात कडवट, कुबट चव लपते. सुरकुतलेले, काळपट, बुरसट दाणे टाकूनच द्यावेत. दिसायला चांगल्या दाण्यातही विष असू शकते. ते प्रयोगशाळेतच कळते.