शेतमाल व कृषी निविष्ठांच्या व्यवहारांतील आगाऊ रकमेची ऑनलाइन फसवणूक

'''शेतमाल व कृषी निविष्ठांच्या व्यवहारांतील आगाऊ रकमेची ऑनलाइन फसवणूक''' हा सायबर गुन्ह्याचा एक प्रकार आहे. यात गुन्हेगार स्वतःला शेतमालाचा खरेदीदार किंवा खते, रोपे, पंप, ट्रॅक्टर इत्यादींचा विक्रेता म्हणवतो, व्यवहार दूरध्वनी किंवा व्हॉट्सॲपवरून ठरवतो आणि माल पाहण्याआधी अथवा पाठवण्याआधी शेतकऱ्याकडून काही रक्कम मागून घेतो. ही रक्कम बहुधा 'परत मिळणारी' असल्याचे सांगितले जाते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील व्यवहारांचा विचार केला आहे.

माल उधारीवर उचलून व्यापाऱ्याने परागंदा होणे हा याहून जुना आणि वेगळा प्रकार आहे. नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागाईतदारांना त्याचा फटका अनेक हंगामांत बसला आहे. त्यात व्यापारी प्रत्यक्ष बागेत येतो, माल खरोखर नेतो आणि पैसे बुडवतो. येथे मात्र खरेदीदार मुळात अस्तित्वातच नसतो. माल शेतकऱ्याच्या दारातच राहतो आणि जाते ती त्याच्या खात्यातील रोकड.

== पैशाची उलटी दिशा ==

शेतमालाच्या नेहमीच्या विक्रीत पैसा एकाच दिशेने वाहतो, खरेदीदाराकडून शेतकऱ्याकडे. लासलगावसारख्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली लिलावाला उभी राहते, बोली लागते, वजन होते आणि हिशेबपट्टी तयार होते. हमाली, तोलाई यांसारखे जे खर्च शेतकऱ्याच्या वाट्याला येतात ते याच पट्टीत वजा होतात व उरलेली रक्कम त्याच्या हाती पडते. बाजार समितीबाहेरच्या थेट खरेदीतही, म्हणजे शिवार सौद्यातही, रीत हीच आहे. आगाऊ रक्कम असलीच तर ती व्यापारी शेतकऱ्याला देतो आणि तिला विसार किंवा बयाणा म्हणतात. विकणाऱ्याने विसार द्यावा अशी प्रथा कोठेही नाही.

बनावट खरेदीदाराला ही दिशा उलटवायची असते. सरळ पैसे मागितले तर कोणीही देणार नाही, म्हणून तो त्या मागणीला कार्यालयीन नावे देतो : नोंदणी शुल्क, गेटपास, वाहतूक विमा, जीएसटी, टीडीएस. यांपैकी काही नावे खरी आहेत, आणि फसवणुकीचे बळ तेथेच आहे. शेतकऱ्याने ती ऐकलेली असतात, पण त्यांचा नेमका व्यवहार त्याला ठाऊक असतोच असे नाही. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने देय रकमेतून केलेली कपात. पैसे घेणाऱ्याने आपल्या खिशातून तो आधी भरावा असे त्यात काही नाही. ताजा कांदा, भाजीपाला व ताजी फळे यांच्या विक्रीवर जीएसटी नाही, आणि केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला या कराची नोंदणी करणेही बंधनकारक नाही.

== व्यवहाराचा एक नमुना ==

पुढील व्यवहार समजावण्यासाठी रचलेला असून त्यातील आकडे काल्पनिक आहेत. टप्प्यांचा क्रम मात्र अशा फसवणुकीत नेहमी आढळणारा आहे.

एका शेतकऱ्याकडे चाळीत १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. बाजारभाव क्विंटलला १,५०० रुपये असताना त्याने फेसबुकवरील शेतमालाच्या गटात मालाचे छायाचित्र व आपला क्रमांक टाकला. दोन तासांत दक्षिणेतील एका 'निर्यात कंपनी'च्या व्यवस्थापकाचा फोन आला. त्याने २,२०० रुपये भाव देऊ केला, म्हणजे एकूण २,२०,००० रुपये. भाव घासाघीस न करता मान्य झाला आणि प्रत पाहण्याची गरजही कोणाला वाटली नाही. खरा व्यापारी कांदा हातात घेऊन त्याचा आकार, रंग, पत्ती आणि मानेचा सुकेपणा पाहतो. न पाहता वाढीव भाव देणारा मनुष्य कांद्याचा व्यापार करत नसावा, एवढे येथेच लक्षात यायला हरकत नाही.

पाठोपाठ व्हॉट्सॲपवर कंपनीचे नोंदणीपत्र, जीएसटी प्रमाणपत्र आणि शिक्का मारलेली खरेदी मागणी आली. 'विक्रेता नोंदणी' म्हणून १,५०० रुपये मागितले गेले. ते दिल्यावर दुसऱ्या दिवशी एकूण किमतीच्या पाच टक्के, म्हणजे ११,००० रुपये, 'परतावायोग्य जीएसटी' म्हणून भरण्यास सांगण्यात आले. ही रक्कम बिलासोबत परत मिळणार होती. नंतर ट्रक निघाल्याचे सांगून त्याचा क्रमांक व चालकाचा फोन देण्यात आला. वाटेत या 'चालका'नेच फोन करून डिझेल व नाक्यावरच्या दंडासाठी ८,००० रुपये मागितले. शेतकऱ्याने तोवर मजूर लावून २०० गोण्या भरून ठेवल्या होत्या, त्यामुळे आता मागे फिरणे त्याला जड गेले. अखेरीस २,२०,००० रुपये जमा झाल्याचा लघुसंदेश आला, पण रक्कम 'होल्ड'वर असून ती मोकळी करण्यासाठी ९,९०० रुपये लागतील असे सांगण्यात आले. तो संदेश बँकेकडून नव्हे, एका साध्या मोबाइल क्रमांकावरून आला होता.

एकूण ३०,४०० रुपये चार हप्त्यांत गेले. पहिली मागणी लहान असते ती मुद्दाम. एकदा १,५०० रुपये दिले की पुढचे पैसे नव्या सौद्यासाठी जात नाहीत, आधीचे वाचवण्यासाठी जातात. रोख रकमेखेरीज आणखी एक तोटा असतो आणि तो तक्रारीत सहसा नोंदला जात नाही. आठ-दहा दिवस गोणीत कोंडलेला कांदा घाम धरतो, सडू लागतो आणि पुन्हा निवडावा लागतो. डाळिंब, टोमॅटो किंवा केळी असतील तर ही वाट पाहणेच आगाऊ रकमेपेक्षा महाग पडते.

याच फसवणुकीच्या दुसऱ्या रूपात पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकण्यास सांगतात. यूपीआय व्यवस्थेत पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकणे म्हणजे पैसे देण्यास संमती देणे होय.

== निविष्ठांची बनावट विक्री ==

निविष्ठा विकत घेताना पैसे शेतकऱ्यानेच द्यायचे असतात, त्यामुळे दिशेची वरील कसोटी येथे पुरी पडत नाही. ऑनलाइन विक्री म्हणजे फसवणूक असेही म्हणता येत नाही. कीटकनाशके ऑनलाइन विकण्यास २०२२ पासून परवानाधारक विक्रेत्यांना मुभा आहे.

अनुदानित खताबाबत मात्र स्पष्ट खूण सांगता येते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची कमाल किरकोळ किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. ती परवानाधारक दुकानात आधार ओळख पटवून पॉस यंत्रावर विकली जाते आणि त्या नोंदीनंतरच उत्पादक कंपनीला सरकारचे अनुदान मिळते. त्यामुळे टंचाईच्या दिवसांत 'निम्मी रक्कम आगाऊ भरा, युरिया घरपोच' अशी जाहिरात दिसली तर ती या व्यवस्थेत बसत नाही, मग तिच्यावर कोणत्याही कंपनीचे बोधचिन्ह असो.

सौर पंपाची फसवणूक ओळखणे याहून अवघड आहे, कारण येथे खऱ्या योजनेतही रक्कम आधीच भरावी लागते. महाराष्ट्राच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती व जमातींतील शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा द्यावा लागतो. बनावट संकेतस्थळे याच हिश्शाच्या नावाने पैसे उकळतात. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेच्या नावाने अशी संकेतस्थळे निघाल्याबद्दल नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी सावधगिरीच्या सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. खऱ्या व खोट्यातील भेद रकमेत नसून ती कोठे जाते यात आहे. महावितरणच्या योजनेतील हिस्सा अर्ज क्रमांकाशी जोडून महावितरणच्या संकेतस्थळावर भरला जातो. दूरध्वनीवरून कळवलेल्या व्यक्तीच्या खात्यात किंवा यूपीआय क्रमांकावर तो भरायचा नसतो.

== पडताळणी आणि तिच्या मर्यादा ==

कागदपत्रे मागवणे ही सर्वांत कमकुवत पडताळणी आहे. फसवणूक करणारे बहुधा एखाद्या खऱ्या पेढीचीच प्रमाणपत्रे वापरतात. त्यामुळे जीएसटी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर शोधला तरी तो खरा व चालू निघतो. त्यातून पेढी अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. फोनवर बोलणारा मनुष्य त्या पेढीचा आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी पेढीचा क्रमांक स्वतंत्रपणे मिळवून तेथे विचारावे लागते, किंवा ती ज्या बाजार समितीची परवानाधारक म्हणवते त्या समितीच्या कार्यालयात चौकशी करावी लागते. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर केलेली चौकशी निरुपयोगी होय.

अधिक उपयोगी खूण खातेदाराच्या नावाची आहे. यूपीआयवर रक्कम पाठवण्यापूर्वी पडद्यावर प्राप्तकर्त्याचे नाव दिसते. एनईएफटी व आरटीजीएस व्यवहारांतही लाभार्थ्याचे नाव पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून बँकांना बंधनकारक केली. कागदावर निर्यात कंपनी आणि पडद्यावर दूरच्या राज्यातील एखाद्या व्यक्तीचे बचत खाते, अशी विसंगती दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवता येतो. 'आमच्या अकाउंटंटचे खाते आहे' हे यावरील ठरलेले उत्तर असते.

== पैसे गेल्यानंतर ==

आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर करता येते. तक्रारीसाठी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, म्हणजे यूटीआर, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव लागते. तक्रार नोंदवताच ज्या बँकेत रक्कम गेली तिला सूचना जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असल्यास ती गोठवली जाते. ती दुसऱ्या खात्यात वळवली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे सरकते. एटीएममधून रोख निघाली की मात्र हा माग संपतो. अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि त्यांतील पैसे तास-दोन तासांतही हलवले जातात, म्हणून उद्या तालुक्याला गेल्यावर तक्रार करू असे म्हणणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. गोठवलेली रक्कमही आपोआप परत येत नाही.

बँकेकडून भरपाईची अपेक्षा येथे फारशी धरता येत नाही. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढले, पण या प्रकारात शेतकऱ्याने फसून का होईना, स्वतःच पिन टाकून रक्कम पाठवलेली असते.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड (संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक) यांखाली नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लागू होते. घटना कोणत्या हद्दीत घडली याची वाट न पाहता कोणत्याही पोलीस ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेणे अपेक्षित आहे.

तक्रारीनंतर काही दिवसांनी 'सायबर शाखेतून बोलतो, तुमची रक्कम मिळाली आहे, ती सोडवण्यासाठी शुल्क भरा' असा फोन येणे हाही याच फसवणुकीचा पुढचा टप्पा आहे. फसलेल्यांचे क्रमांक गुन्हेगारांकडे आधीच असतात. तक्रार नोंदवण्यासाठी किंवा गोठवलेली रक्कम परत देण्यासाठी पोलीस कोणतेही शुल्क घेत नाहीत.