‘स्वमग्न’ ऐकल्यावर आईला काय ऐकू येतं?

‘मग्न’ हा शब्द ‘मज्ज्’ म्हणजे बुडणे या धातूचा. मराठीत माणूस भजनात मग्न होतो, कामात मग्न असतो. म्हणजे आपल्या मर्जीने आणि बहुधा आनंदाने बुडतो. त्यामुळे ‘तुमचा मुलगा स्वमग्न आहे’ म्हटलं की घरच्यांना ऐकू येतं, हा मुद्दाम लक्ष देत नाही. मग आजी म्हणते, आईने वळण लावलं नाही.

दोष मराठी भाषांतरकाराचा नाही. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी, जग सोडून आत वळलेल्या मोठ्या माणसांसाठी. 1943 साली लिओ कॅनर यांनी तो 11 मुलांच्या वर्णनासाठी उचलला. ही अडचण उपजत आहे, असं कॅनर यांनी त्याच निबंधात लिहिलं होतं. पण त्यातच पालकांच्या कोरडेपणाचीही नोंद होती. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी दुसरा धागा ताणला आणि ‘थंड आई’वर खापर फुटलं. संशोधनाने ही कल्पना केव्हाच मोडीत काढली. ऑटिझमची घडण मेंदूच्या वाढीतली आहे, त्यात जनुकांचा वाटा मोठा.

समजा, अडीच वर्षांचा मुलगा हाक मारली तर वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून डब्याकडे नेतो. आधी कानांची तपासणी हवी. ऐकू नीट येत असेल, तर सांगावं ते असं: ‘त्याला तुमच्याशी नातं नको आहे असं नाही. हात धरून नेणं हे त्याचं मागणंच आहे. इतर मुलं या वयात खुणा आणि नजर वापरतात, ते त्याला आपोआप जमत नाही, शिकवावं लागेल.’

‘विकासाला उशीर’ हा शब्द सौम्य आहे, पण उशिरा सुटलेली गाडी पोचतेच, अशी त्याची सूचना असते. पाच वर्षांखालच्या मुलाची बुद्धी चाचणीने खात्रीशीर मोजता येत नाही, म्हणून या वयात हा शब्द योग्य. काही मुलं अंतर भरून काढतात, काहींना पुढे ‘बौद्धिक अक्षमता’ असं निदान मिळतं. ‘होईल हो हळूहळू’ म्हणून घालवलेलं वर्ष थेरपीचं असतं. ‘मतिमंद’ मात्र टाकाच. मंद म्हणजे संथ, पण बोलीत त्याची शिवी झाली आहे.

माझं मत विचाराल तर कागदावर ‘ऑटिझम’च लिहावं. ‘स्वमग्नता’ रूढ आहे, संस्थांच्या नावांत आहे, ती जाणार नाही. मात्र उच्चारलीत तर लगेच पुढे सांगा, ‘यात तुमचं काहीही चुकलेलं नाही’, आणि हे आईसोबत आजीसमोरही सांगा.