ग्रहण : आगमातील राहू आणि खगोलातील छाया

चंद्रग्रहण लागले की आजही घराघरांतून काही गोष्टी न सांगता होतात. शिजवलेल्या अन्नावर दर्भ किंवा तुळशीपत्र ठेवले जाते, गर्भवती सुनेला सासूबाई विळी-कात्री हाती घेऊ देत नाहीत, मंदिराची दारे लवकर बंद होतात. पूर्वी गावातून 'गिराण सुटले' अशी आरोळी येई आणि दारोदार धान्य, जुने वस्त्र दान म्हणून दिले जाई. यांतील बहुतेक रिवाज सर्व समाजात समान आहेत. जैन आगमांनी ग्रहणाविषयी नेमके काय म्हटले आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ते जाणून घेतले तर परंपरा व खगोलशास्त्र यांच्याकडे अधिक समजुतीने पाहता येईल.

भगवतीसूत्रातील प्रश्न

भगवतीसूत्राच्या बाराव्या शतकातील सहाव्या उद्देशकात गणधर गौतमस्वामी भगवान महावीरांना एक सरळ प्रश्न विचारतात. राहू चंद्राला गिळतो असे लोक म्हणतात, ते खरे आहे काय? भगवंतांचे उत्तर नकारार्थी आहे. लोकांचे हे म्हणणे मिथ्या आहे, असे सांगून ते खुलासा करतात की राहू हा महाऋद्धिवंत देव असून त्याची विमाने आहेत. येता-जाता ते विमान चंद्राच्या प्रकाशाला झाकते, तेव्हा मनुष्यलोकातील माणसे म्हणतात, राहूने चंद्राला ग्रासले. विमान बाजूने निघून जाते, तेव्हा लोक म्हणतात, चंद्राने राहूची कूस भेदली. ते मागे सरते, तेव्हा म्हणतात, राहूने चंद्राला ओकून टाकले.

या उत्तरात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ग्रहण म्हणजे गिळणे नव्हे, तर झाकणे होय, हा भेद येथे स्पष्ट केलेला आहे. चंद्राला कसलीही इजा होत नाही, केवळ त्याच्या प्रकाशाला आवरण येते. दुसरी अशी की, लोकांना जे दिसले ते नाकारलेले नाही. दिसणे खरे, त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा, अशी ही मांडणी आहे.

याच प्रकरणात राहूच्या विमानांचे पाच वर्ण सांगितले आहेत. काजळीसारखा काळा, कच्च्या दुधी भोपळ्यासारखा निळा, मंजिष्ठेसारखा लाल, हळदीसारखा पिवळा आणि राखेच्या ढिगासारखा श्वेत. मंजिष्ठ म्हणजे ज्या मुळीने पूर्वी कापड तांबडे रंगवीत ती. ज्याने खग्रास चंद्रग्रहण पाहिले आहे, त्याला या उपमा ओळखीच्या वाटतील. ग्रहणाच्या आरंभी चंद्राची कड राखी दिसते, पुढे काळी पडते आणि पूर्ण ग्रासात सारे बिंब तांबूस होते. सूत्रकारांच्या परंपरेने आकाश डोळसपणे पाहिले होते, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

नित्य राहू आणि पर्व राहू

आगमात राहू दोन प्रकारचा मानला आहे. नित्य किंवा ध्रुव राहू कृष्ण प्रतिपदेपासून दररोज चंद्राचा पंधरावा भाग झाकतो व शुक्ल पक्षात तसाच उघडतो. चंद्रकलांचा उलगडा यातून केला आहे. दुसरा पर्व राहू. तो पौर्णिमा व अमावस्येच्या पर्वकाळी ग्रहण घडवितो. त्याचे कालमान असे दिले आहे : जघन्य म्हणजे कमीत कमी सहा महिने, आणि उत्कृष्ट म्हणजे जास्तीत जास्त चंद्राच्या बाबतीत बेचाळीस महिने व सूर्याच्या बाबतीत अठ्ठेचाळीस वर्षे.

सहा महिन्यांचे कारण आज खगोलशास्त्र असे देते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन कक्षा जेथे छेदतात, त्या दोन बिंदूंनाच भारतीय ज्योतिषात राहू व केतू म्हणतात. सूर्य यांपैकी एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत येण्यास सुमारे १७३ दिवस लागतात. सहा चांद्रमासांचे १७७ दिवस होतात. म्हणून ग्रहणे साधारणपणे सहा-सहा महिन्यांच्या अंतराने येतात.

बेचाळीस महिन्यांची मर्यादा महाराष्ट्रातील अलीकडच्या अनुभवावर ताडून पाहता येते. १७ जुलै २०१९ च्या पहाटे आपल्याकडे खंडग्रास चंद्रग्रहण दिसले. २०२० साली केवळ छायाकल्प ग्रहणे झाली. त्यांत चंद्र किंचित मंदावतो, पण डोळ्यांना झाकलेला दिसत नाही. २०२१ मधील दोन्ही ग्रहणे महाराष्ट्रात चंद्रोदयापूर्वीच संपली. १६ मे २०२२ चे ग्रहण लागण्यापूर्वी चंद्र मावळला होता. शेवटी ८ नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी चंद्र ग्रस्त अवस्थेतच उगवला. मधले अंतर १२१० दिवसांचे, म्हणजे बरोबर एकेचाळीस चांद्रमासांचे होते. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, तरी ही मर्यादा सांगणाऱ्यांनी एका ठिकाणाहून दीर्घकाळ नोंदी घेतल्या असाव्यात, असा तर्क त्यावरून करता येतो.

सूर्याच्या अठ्ठेचाळीस वर्षांचा मेळ मात्र असा सहज बसत नाही. एखाद्या ठिकाणी खंडग्रास सूर्यग्रहण सरासरी तीन वर्षांच्या आत दिसतेच. उलट खग्रास सूर्यग्रहण त्याच जागी पुन्हा येण्यास सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात. २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी देशोदेशीचे शास्त्रज्ञ आले होते, ते या दुर्मिळतेमुळेच. जेथे आकडे जुळतात तेथे आनंद मानावा आणि जेथे जुळत नाहीत तेथे ओढून-ताणून जुळवू नयेत, हेच दोन्ही परंपरांच्या आदराला शोभते.

भास्कराचार्यांचा समन्वय

आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये स्पष्ट सांगितले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया झाकते. पुढे सुमारे साडेसहाशे वर्षांनी भास्कराचार्यांनी याची प्रमाणे दिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

इ.स. ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथात भास्कराचार्य विचारतात की दोन्ही ग्रहणांत झाकणारा एकच कसा असेल? अर्धे बिंब ग्रासले असता चंद्राची शिंगे बोथट दिसतात व ग्रहण बराच वेळ टिकते. म्हणजे झाकणारी वस्तू मोठी आहे. सूर्याची शिंगे मात्र तीक्ष्ण दिसतात व ग्रहण लवकर सुटते. म्हणजे तेथे झाकणारी वस्तू लहान आहे. शिवाय चंद्राला ग्रहण पूर्वेच्या कडेने लागते व सूर्याला पश्चिमेच्या. यावरून झाकणारे दोन आहेत, हे सिद्ध होते.

एवढे सांगून झाल्यावर या थोर गणितज्ञाने परंपरेला धुडकावले नाही. राहू हा पृथ्वीच्या छायेत प्रवेश करून चंद्राला व चंद्रबिंबात प्रवेश करून सूर्याला आच्छादितो, असे सांगून त्यांनी गणित आणि शास्त्रवचन यांत विरोध उरू दिला नाही. दोन सूर्य व दोन चंद्र मानणाऱ्या जैन मताशी त्यांचा मतभेद होता आणि तो त्यांनी उघडपणे मांडला. तरी वाद करूनही एकमेकांचे ग्रंथ वाचण्याची जुनी रीत त्यातून दिसते.

घड्याळाने मोजलेली सावली

७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण भारतभर दिसले. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राची कड सावलीत शिरली. ११ वाजून १ मिनिटाने पूर्ण बिंब आत गेले. १२ वाजून २३ मिनिटांनी पुढची कड बाहेर आली आणि १ वाजून २६ मिनिटांनी ग्रहण सुटले. चंद्राला स्वतःच्या रुंदीइतके आत सरकण्यास ६४ मिनिटे लागली. त्याच्या पुढच्या कडेला सावली ओलांडण्यास १४६ मिनिटे लागली. १४६ ला ६४ ने भागले की सव्वादोनपेक्षा किंचित अधिक येते. चंद्र सावलीच्या मध्यावरून न जाता थोडा बाजूने गेला, त्यामुळे हे माप कमी आले. प्रत्यक्षात सावली चंद्राच्या अडीचपटीहून थोडी अधिक रुंद असते. भास्कराचार्यांची बोथट शिंगे ती हीच.

पूर्ण सावलीत असूनही चंद्र तांबूस दिसला, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकलेला सूर्यप्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि त्यातील निळा भाग हवेतच विखुरतो. वातावरणात ज्वालामुखीची धूळ अधिक असेल तर हाच चंद्र जवळजवळ काळा दिसतो.

ग्रहणांचे एक चक्र १८ वर्षे व सुमारे ११ दिवसांचे असते. या ग्रहणाचे आधीचे भावंड २८ ऑगस्ट २००७ चे. अशी तीन चक्रे झाली की ग्रहण पुन्हा जवळपास त्याच प्रदेशात येते. म्हणूनच ५४ वर्षांपूर्वी, ६ ऑगस्ट १९७१ च्या रात्रीही भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले होते. त्या रात्री आजीच्या मांडीवर बसून नवकार म्हणणारी मुले आज स्वतः आजी-आजोबा आहेत.

आचार आणि सावधानता

स्थानांगसूत्रात चंद्रोपराग व सूर्योपराग यांची गणना अस्वाध्यायाच्या कारणांत केली आहे. त्या काळात आगमसूत्रांचे पठण करावयाचे नाही. किती प्रहर, हे परंपरेनुसार भिन्न आहे. हा संयमाचा नियम आहे. साधू-साध्वी तो आजही पाळतात आणि खगोलशास्त्राचा त्याला काही आक्षेप असण्याचे कारण नाही. रात्रीच्या ग्रहणात न जेवण्याचा प्रश्न तर चौविहार करणाऱ्या श्रावकाला पडतच नाही.

गर्भवतीने चाकू धरल्यास बाळाला व्यंग येते, याला वैद्यकात आधार सापडलेला नाही. घरच्या वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी तिने विश्रांती घेतली तर चांगलेच. पण तहानेने व्याकूळ होईपर्यंत किंवा औषध चुकवून तिला बसवून ठेवणे हे अहिंसेत बसत नाही.

खरा धोका एकाच ठिकाणी आहे. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी निर्धास्त पाहावे. सूर्यग्रहण तसे पाहू नये. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाही, त्यामुळे तो भाजला तरी त्या वेळी कळत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसू लागतो आणि तो कायमचा राहू शकतो. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म किंवा ताटातील पाणी यांनी डोळे वाचत नाहीत. पुठ्ठ्याला सुईने छिद्र पाडून त्यातून भिंतीवर पडणारी सूर्याची प्रतिमा पाहावी. सूर्याकडे पाहू नये, हा वडिलांचा आग्रह येथे विज्ञानाशी तंतोतंत जुळतो.

गौतमस्वामींनी लोकांचे म्हणणे ऐकले, त्याला हसले नाहीत आणि ते तसेच स्वीकारलेही नाहीत. ते भगवंतांना विचारायला गेले. पाठशाळेतील एखाद्या मुलाने राहूविषयी प्रश्न केला, तर त्याला गप्प न करता भगवतीसूत्रातील हा संवाद वाचून दाखवावा आणि पुढच्या ग्रहणाच्या रात्री त्याला गच्चीवर घेऊन जावे.