टाकी नियंत्रक
गच्चीवरील टाकी भरताच मोटर थांबवणारे व तिला कोरडे फिरू न देणारे विद्युत मंडल. टाकीत स्टीलच्या तीन सळया सोडतात : तळाशी सामाईक, मध्ये ‘चालू’, वर ‘बंद’. खालच्या हौदातही सळई ठेवतात, पण तेवढे पुरत नाही. फूट व्हॉल्व्ह गळून पंपातले पाणी उतरले, तर हौद भरलेला असूनही मोटर कोरडीच फिरते. म्हणून खरी खूण टाकीत पडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी घ्यावी. पाणी वर पोचायला 40 सेकंद लागत असतील, तर टायमर 90 सेकंदांवर लावतात. तोवर धार आली नाही, की रिले सुटतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय मोटर पुन्हा सुरू होत नाही. सळयांना एकदिश प्रवाह दिल्यास धन सळई झिजते. त्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाह देतात.